रडला, रडका, रडका बिब्बा

मधल्या सुट्टीत एक मुलगा पळता पळता जांभ्याच्या चिऱ्याला अडखळून पडला. देवगड तालुक्यातल्या प्राथमिक शाळेत मी बरीच वर्षं शिकवलं, त्यातली ही गोष्ट. पडल्या पडल्या कुणीच काही बोललं नाही. त्याने गुडघ्याकडे बघितलं, रक्त दिसलं, ओठ वाकडे झाले आणि मग रडू फुटलं. तेवढ्यात काजूच्या झाडाखालून एक आवाज आला, ‘रडलो रे रडलो!’ लगेच दुसरा आला, ‘रडको!’ आणि त्यानंतर पंधरा-वीस तोंडांनी टाळ्यांवर ताल धरला, ‘रडका बिब्बा! रडका बिब्बा!’

हे सगळं मी पटांगणात पोचेपर्यंत झालं, म्हणजे अर्ध्या मिनिटात. एका मुलाच्या डोळ्यातल्या पाण्याचं त्याच्या नावात रूपांतर व्हायला तेवढा वेळ पुरला. चिडवणं म्हणून आपण जे हसण्यावारी नेतो त्यात नेमकं काय शिकवलं जातं, ते या तीन आरोळ्या ओळीने बघितल्या तर कळतं.

पहिली आरोळी ‘रडलो’. मालवणीत ‘तो रडलो’ म्हणजे तो रडला. ही नुसती बातमी आहे. रडणं आत्ता घडलं, थोड्या वेळाने संपेल, उद्या दुसरा कुणी रडेल. दुसरी आरोळी ‘रडको’. इथे क्रियापद गेलं आणि विशेषण आलं. मराठीत हे काम एका इवल्याशा ‘का’ने होतं. रडला त्याचा रडका, चिडला त्याचा चिडका, मारलं त्याचा मारका. तसाच ‘रा’ आहे: भ्याला तो भित्रा, लाजला तो लाजरा. (हसणाऱ्याला मात्र भाषेने ‘हसरा’ असं गोड रूप दिलं. ‘हसका’ म्हणून कुणाला चिडवलेलं मी ऐकलं नाही.) काल जे घडलं ते ‘ला’ सांगतो. माणूसच तसा आहे असं ‘का’ सांगतो. शिव्या शिकण्याची पहिली पायरी कुठली म्हणाल तर ती हा प्रत्यय. अपशब्द नंतर येतात.

याचा परिणाम मुलांच्या डोक्यात काय होतो, ते सुसान गेलमन आणि गेल हेमन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1999 साली तपासलं. पाच आणि सात वर्षांच्या मुलांना त्यांनी छोट्या गोष्टी सांगितल्या. एक मुलगी आहे, ती गाजरं फार खाते. पुढचं वाक्य काही मुलांना असं सांगितलं की संधी मिळेल तेव्हा ती गाजरं खाते. बाकीच्यांना सांगितलं की ती ‘गाजरखाऊ’ आहे. माहिती तीच. मग विचारलं, ही मोठी झाल्यावरही गाजरं खाईल का? घरच्यांनी खाऊ दिली नाहीत तरी खाईल का? ज्यांनी ‘गाजरखाऊ’ हा शब्द ऐकला होता त्यांना तिची आवड जास्त पक्की, जास्त टिकाऊ वाटली. नुसत्या नाव देण्याने हे झालं, आणि तेही गाजरासारख्या निरुपद्रवी गोष्टीत. ‘रडका’ ऐकणाऱ्या पटांगणात काय होत असेल याचा अंदाज त्यावरून करता येतो.

आता तिसरी आरोळी, ‘रडका बिब्बा’. हा बिब्बा कुठून आला? मी पोरांना वर्गात विचारलं, ‘बिब्बा म्हणजे काय रे?’ एक म्हणाला डबा. एकीला वाटलं, मांजराचं पिल्लू. एक मुलगा वैतागून म्हणाला, ‘काय म्हायत बाईनू! जो रडता तो बिब्बो.’ त्याची व्याख्या बरोबर होती. त्याच्यापुरता त्या शब्दाला एवढाच अर्थ उरला होता.

बिब्बा हे जंगली झाडाचं काळं फळ. त्यातलं तेल कातडीला लागलं की फोड येतात, आग होते. त्यालाच बिब्बा उतणं म्हणतात. पूर्वी परीट कपड्यांवर खुणा करायला ते तेल वापरायचे. दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या काळ्या दोऱ्यात बिब्बा ओवायचे. चाललेल्या कामात कुणी खोडा घातला तर ‘बिब्बा घातला’ असं आजही म्हणतात. कोकणातल्या पोरांनी बिब्बा पाहिला नसला तरी त्याचा भाऊबंद पाहिलेला असतो. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. ओल्या काजूच्या बीचा चीक बोटांना लागला की कातडी अशीच उतते, आणि आमच्या शाळेत मार्च-एप्रिलमध्ये निम्म्या पोरांचे हात त्याने काळवंडलेले असायचे. मला वाटतं मूळ शब्द ‘चिडका बिब्बा’ असणार. हात लावला की फोड आणणारा, म्हणजे जरा बोललं की अंगावर येणारा. चिडणाऱ्याला तो नेमका बसतो. रडणाऱ्याला बसत नाही, पण तालात बसतो, आणि पोरांना तेवढं पुरतं.

हा ताल मोजून बघा. र-ड-का, दोन लघु आणि एक गुरू, चार मात्रा. बि-ब्बा, दोन गुरू, चार मात्रा. मिळून आठ. ‘टुक टुक माकड’ मोजा, तिथेही चार आणि चार. छंदशास्त्रात आठ मात्रांच्या या आवर्तनाला पद्मावर्तन म्हणतात. पोरांना हा शब्द कुणी शिकवत नाही. टाळी शिकवते. चार मात्रांना एक टाळी धरली की दोन टाळ्यांत एक फेरा पूर्ण होतो, लगेच पुढचा सुरू होतो, मध्ये श्वासालाही जागा राहत नाही. म्हणून एकदा सुरू झालेलं चिडवणं आपोआप थांबत नाही, ते कुणीतरी तोडावं लागतं.

या साच्याची गंमत अशी की त्यातला अर्धा भाग पक्का असतो आणि अर्धा रिकामा. ‘बिब्बा’ पक्का. त्याच्याआधी चार मात्रांचं कुठलंही विशेषण बसतं. रडका, चिडका, बुटका, लुकडा, नकटा, काळा. ‘उद्धट’ हा शब्दही मापात बसतो, पण तो पोरांच्या तोंडचा नाही. ‘अप्रामाणिक’ तर बसणारच नाही, आणि अप्रामाणिक म्हणून कुणाला पटांगणात चिडवलेलं मी पाहिलेलं नाही. म्हणजे साचा मापाला बसणारा शब्द मागतो. माप बसणाऱ्या शब्दांतून कुठला घ्यायचा, हे मात्र साचा ठरवत नाही. त्याकडे नंतर येते.

शिकण्याचा क्रमही मोठ्यांना वाटतो त्याच्या उलटा असतो. आपल्याला वाटतं, पोर आधी शब्दाचा अर्थ शिकतं आणि मग तो कुणाला तरी लावतं. देवगडच्या आंबा बागांमध्ये राखणीला नेपाळी कुटुंबं असतात. त्यांची मुलं आमच्याच शाळेत यायची. एका वर्षी पहिलीत आलेली एक मुलगी दिवाळीपर्यंत तोंडातून अक्षर काढत नव्हती. एक दिवस माझ्या टेबलासमोर उभी राहून तिने हातातलं पेन्सिलीचं टोकयंत्र शेजारच्या मुलीला दाखवलं, मान डावी-उजवीकडे हलवली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, ‘टुक टुक माकड!’ तिचं पहिलं मराठी वाक्य. टुक टुक म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. (मला तरी कुठे आहे?) पण सूर कसा लावायचा, मान कशी हलवायची, माझ्याकडे आहे आणि तुझ्याकडे नाही अशा वेळीच हे म्हणायचं, हे सगळं तिला आलेलं होतं. आधी सूर, मग प्रसंग, मग शब्द. अर्थ सर्वांत शेवटी येतो, कधी कधी येतच नाही.

म्हणूनच ‘त्याला अर्थ कळत नाही, सोडून द्या’ हे पालकांचं वाक्य मला कधी पटलं नाही. कोशातला अर्थ कळत नसेल, पण या शब्दाने समोरचा एकटा पडतो हा उपयोग त्याला आधीच कळलेला असतो.

आता हे एका पोराकडून दुसऱ्याकडे जातं कसं ते बघू. आजी नातवाला ‘अटक मटक’ शिकवते, चिडवणं शिकवत नाही. चिडवणं शिकवतो तिसरीतला पहिलीतल्याला. इंग्लंडमध्ये आयोना आणि पीटर ओपी या नवरा-बायकोने सुमारे 70 शाळांतल्या 5000 मुलांकडून अशी गाणी, चिडवणी, शपथा, कोडी गोळा केली आणि 1959 साली ती छापली. त्यांचं मुख्य निरीक्षण हेच होतं की पोरांचा हा व्यवहार मोठ्यांना बाहेर ठेवून चालतो. पटांगणातली पिढी फार तोकडी असते. सहाव्या वर्षी पोर त्यात शिरतं आणि बाराव्या वर्षापर्यंत ते सगळं ‘बारक्यांचं’ वाटू लागून बाहेर पडतं. पन्नास वर्षांत घरात दोन पिढ्या होतात. पटांगणात आठ-नऊ होतात. इतक्या हातांतून गेलेली गोष्ट झिजून ओळखू येईनाशी व्हायला हवी. ती झिजते, पण सगळीकडे सारखी झिजत नाही.

शिमग्यातली एक आरोळी महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. ‘होळी रे होळी, पुरणाची पोळी, साहेबाच्या अमुक ठिकाणी बंदुकीची गोळी.’ अमुक ठिकाण कुठलं ते लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. हा साहेब गोरा, म्हणजे इंग्रजांच्या अमलातला, असं जुनी माणसं सांगतात. 1947 नंतर तो साहेब गेला. पटांगणातल्या बारा-तेरा पिढ्या उलटल्या, तरी तो आरोळीत आहेच. आमच्या शाळेतल्या पोरांना वाटायचं की हा तपासणीला येणारा शिक्षणखात्यातला साहेब. त्यामुळे तपासणीच्या आदल्या दिवशी ही आरोळी हमखास ऐकू यायची, मग महिना कुठलाही असो.

या ओळीत काय टिकलंय आणि काय हललंय ते बघा. होळी, पोळी, गोळी हे तीन शब्द यमकाने एकमेकांना बांधलेले आहेत. त्यातला एक हलवला तर बाकीचे दोन पोरांना चूक दाखवून देतात. ते खिळे. मधली जागा मात्र खिळ्याने ठोकलेली नाही. शाळेच्या कार्यक्रमात तिथे ‘पाठीत’ येतं, घरात आजीसमोर ‘टोपीत’ येतं, आणि मांडावर, म्हणजे होळीच्या ठरलेल्या जागी, पोरंपोरंच असली की मूळ जागा परत येते. सहा वर्षांच्या पोराला तिन्ही रूपं येतात आणि कुठलं कुठे म्हणायचं हेही येतं. शिवी कुणासमोर द्यायची नाही हे शिवीबरोबरच शिकलं जातं. इतकं अचूक समाजभान आम्ही परिसर अभ्यासाच्या तासाला कधी शिकवू शकलो नाही.

शिमगा हा तर कोकणात शिव्यांचा अधिकृत वर्गच. तोंडावर हात मारून बोंब ठोकायची, घरोघर ‘शबय शबय’ करत पैसे मागायचे, आणि एरवी ज्या शब्दांसाठी मुस्कटात बसली असती ते शब्द बाप-काकांच्या तोंडून उघड ऐकायचे. दिवस ठरलेले, जागा ठरलेली. त्या मुदतीत दिलेली शिवी कुणी मनाला लावून घेत नाही. निदान घेऊ नये असा रिवाज. ‘शिमगा गेला, कवित्व उरलं’ ही म्हण त्यातूनच आली. कवित्व म्हणजे हीच यमकातली शिवीगाळ. मुदत संपल्यावरही ती मागे उरते.

मुदतीतली शिवी आणि मुदतीबाहेरची शिवी यातला फरक मला नीट उमगला तो एका भांडणामुळे. वीसेक वर्षांपूर्वी चौथीच्या वर्गात दोन मुलं होती. एकाच्या वडिलांची होडी होती, दुसऱ्याच्या वडिलांची जुनी प्रवासी गाडी. दोघं जिवलग मित्र, आणि रोज एकमेकांच्या बापाचा यमकात उद्धार. गाडीवाल्याचा मुलगा म्हणायचा,

‘तुझ्या बापाशीची होडी,
पाणी भरता थोडी थोडी.’

त्यावर होडीवाल्याच्या मुलाने एके दिवशी जागच्या जागी रचलं,

‘तुझ्या बापाशीची गाडी,
ढकलूक लागता सगळी वाडी!’

वर्ग कोसळला हसून. मलाही हसू आवरेना, फळ्याकडे तोंड केलं. पुढे महिनाभर ते दोघं हा सामना रोज खेळत होते. ज्याला उत्तर सुचायचं नाही तो त्या दिवशी हरला. उत्तर सुचलं नाही तर ‘जो म्हणता तोच असता’ ही राखीव ढाल होतीच, पण ती वापरणं म्हणजे अर्धी हार.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकलेल्या असतात. त्या पावसाळ्यात होडीवाल्याने कर्जापायी होडी विकली. वाडीत सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं. एक दिवस सामना चालू असताना तिसराच एक मुलगा मध्ये पडला आणि त्याच चालीवर म्हणाला,

‘तुझ्या बापाशीची होडी,
इकली, इकली, इकली होडी.’

यमक काही विशेष नव्हतं, होडीला होडीच. शिवी तर नव्हतीच, एकही वाईट शब्द नाही. पण होडीवाल्याच्या मुलाने उत्तरादाखल ओळ रचली नाही. तो म्हणाला, ‘नाय इकली. माझ्या बापाशीन होडी नाय इकली.’ मग तो त्या तिसऱ्या मुलाच्या अंगावर गेला, आणि त्याच्यामागून गाडीवाल्याचा मुलगाही गेला.

विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या कृष्णवर्णीय मुलांची अशीच जुगलबंदी नोंदवून 1972 साली तिचे नियम मांडले. तीही पोरं एकमेकांच्या आईवरून, घरावरून बोलायची. त्याने दाखवलेला नियम साधा आहे. खेळातली शिवी उघडउघड खोटी असावी लागते. ती इतकी अचाट असली पाहिजे की ऐकणाऱ्या कुणालाही ती खरी वाटणार नाही. तिच्यावरचं उत्तर म्हणजे दुसरी, वरचढ शिवी. पण जे बोललं ते खरं असलं, किंवा खरं असू शकेल असं असलं, की खेळ तिथेच मोडतो. मग समोरचा शिवी देत नाही, नाकारतो. ‘नाही, तसं नाही.’ खेळ संपल्याची खूण हीच, नकार.

गाडी ढकलायला सगळी वाडी लागत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. होडी विकली हेही दोघांना ठाऊक होतं. चाल तीच, साचा तोच, शब्द उलट जास्त सभ्य. बदललं ते एवढंच, की त्यात खरेपणा शिरला.

त्यानंतर पटांगणातली भांडणं ऐकताना मी शब्दांकडे कमी लक्ष द्यायला लागले. मी उत्तर ऐकायचे. चिडवलं गेलेलं पोर उलट यमक जुळवतंय का? मग चालू द्या. ते गप्प झालंय किंवा ‘नाही, मी नाही’ म्हणतंय का? मग उठायचं. दुसरी खूण म्हणजे पाळी फिरते की नाही. आज एकावर, उद्या दुसऱ्यावर असं चाललं असेल तर तो खेळ. आठवडाभर रिकाम्या जागेत एकाच पोराचं नाव बसत असेल, आणि खेळ संपून वर्ग भरल्यावरही कुणी बाकाखालून टाळीचा ताल धरत असेल, तर ते काहीतरी वेगळं आहे.

शब्दावर बंदी घालून बघितली. ‘रडका’ म्हणायचं नाही, असा नियम केला. चौथ्या दिवशी पोरं शब्द न उच्चारता नुसता ताल वाजवत होती, ‘डडडा डाडा, डडडा डाडा.’ ज्याला लागायचं त्याला ते तेवढंच लागत होतं. नियम मोडला म्हणून शिक्षा करावी तर कुणी काही बोललेलंच नव्हतं.

आता ती रिकामी जागा. मापात बसणारे शब्द भाषेत शेकड्याने आहेत, मग पोरं ‘काळा’च का उचलतात? कारण घरात सून बघताना ‘रंगाने उजळ’ हा गुण म्हणून सांगितलेला त्यांनी ऐकलेला असतो. मुलाला ‘रडूबाई’ म्हटलं की तो दुप्पट का चिडतो? त्यातलं ‘रडू’ त्याला फारसं टोचत नाही, ‘बाई’ टोचतं. बाईसारखं असणं हा कमीपणा, हे त्याला पटांगणात येण्याआधी ठाऊक असतं. साचा पोरांचा, माल घरचा.

कोकणात या मालाची एक खास जात आहे. इथे गाव म्हणजे वाड्यांचा गाव, आणि बहुतेक गावांत वाड्या जातवार वसलेल्या. त्यामुळे जातीचं नावही घ्यावं लागत नाही, वाडीचं घेतलं की पुरतं. दुसरीतली एक मुलगी पाण्याच्या पिंपापाशी दुसरीला म्हणाली, ‘तू थयली मां?’ म्हणजे तू तिकडचीच ना? बोलताना तिने हनुवटी त्या वाडीच्या दिशेला उडवली. यमक नाही, ताल नाही, शिवी नाही. मी तिला विचारलं, ‘थयली म्हणजे काय गो?’ तिला सांगता येईना. तिला जात माहीत नव्हती. पण हनुवटी उडवण्याची ती लकब मला ओळखीची होती. पालकसभेला यायची तेव्हा तिची आजी नेमकी तश्शीच हनुवटी उडवायची. आधी सूर, मग प्रसंग. अर्थ यायला अजून चार-पाच वर्षं होती.

यमकातलं चिडवणं मोठ्यांच्या कानावर तरी पडतं. हे पडत नाही, म्हणून ते जास्त काळ टिकतं असं माझं मत आहे.

तो होडीवाल्याचा मुलगा आता तिशीचा आहे. दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून काही वर्षं काढली, आता किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायची छोटी बोट आहे. गेल्या मे महिन्यात मी त्या वाडीत गेले होते, तर अंगणात त्याची सात-आठ वर्षांची मुलगी आणि ठाण्याहून सुट्टीला आलेल्या चुलत बहिणी खेळत होत्या. खेळता खेळता भांडण लागलं आणि मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली,

‘तुझ्या पप्पांची गाडी,
ढकलायला लागते सगळी वाडी!’

मी बापाकडे बघितलं. तो जाळं सांधत होता, त्याचा हात थांबला होता. ‘बाईनू,’ तो म्हणाला, ‘ही आमची मां?’

बापाशीची जाऊन पप्पांची झाली होती, ‘ढकलूक लागता’चं ‘ढकलायला लागते’ झालं होतं. गाडी आणि वाडी जागच्या जागी होत्या. ठाण्यात त्या मुली राहतात तिथे वाडी नाही, सात मजल्यांची सोसायटी आहे.

त्याने मुलीला हाक मारली. ‘ह्या तुका कोणी शिकवल्यान गो? माझा आसा ता. मी केल्लंय.’

‘काय पण सांगतास!’ ती म्हणाली. ‘ह्या ठाण्याचा आसा. माका ताईन शिकवल्यान.’ आणि वळून पळाली, कारण पलीकडून ताई उत्तर जुळवत होती.